नाना होते तोवर

आपल्या घरांत प्रत्येक दुखण्याला एक तारीख चिकटवलेली असते. अमक्याच्या लग्नात पाय मुरगळला तेव्हापासूनचं गुडघ्याचं, तमक्या बाळंतपणापासूनचं कमरेचं. अम्माच्या विसरण्यालाही आम्ही अशीच एक तारीख दिली होती. गेल्या वर्षी आषाढात नाना गेले आणि दिवाळीपर्यंत अम्मा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायला लागली, गॅसवर भांडं ठेवून गल्लीत जाऊन बसायला लागली, भर दुपारी नानांच्या डब्याची चौकशी करायला लागली. शेजारणींनी, मामांनी, पुण्याहून येणाऱ्या माझ्या भावाने एकच निदान केलं. धसका घेतलाय. एवढा जुना संसार, जोडीदार गेला, माणूस असं होणारच. होईल हळूहळू बरं.

वर्षश्राद्ध झालं तरी बरं काही होईना, तेव्हा मी तिला सोलापुरात सात रस्त्याच्या बाजूला एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. आठवड्यातून एक दिवस तिथे फक्त विसरण्याच्या तक्रारींसाठी वेळ ठेवलेला असतो. बाहेरच्या पाटीवर ‘मेमरी क्लिनिक’ लिहिलंय. नाव घेताना फोनवर सांगितलं होतं: घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, जुने रिपोर्ट आणा, चष्मा विसरू नका, आणि सोबत रोज जवळून बघणारं माणूस हवं. अम्माला मी खरं काय ते सांगितलं. विसरायला होतंय, त्याचे डॉक्टर आहेत, दाखवून येऊ. ती म्हणाली, “मला कुठं काय विसरतंय? तुझे नानाच विसरायचे.” आणि निमूट रिक्षात बसली.

आमचं घर पूर्व भागातलं. नाना यंत्रमागावर टॉवेल काढायचे, अम्मा घरी विड्या वळायची. घरात बोलणं तेलुगू, दारात मराठी. अम्मा शाळेची पायरी चढली नाही. सही करायला नानांनी शिकवलं, तेवढीच अक्षरं. त्यामुळे परीक्षा घेतात म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता. साल विचारतील, शंभरातून सात वजा करत जा म्हणतील, कागदावर वाक्य लिहायला लावतील. यातलं तिला तरुणपणीही आलं नसतं. तिला वेड्यात काढतील, अशी धास्ती होती.

तसं काही झालं नाही. आत मानसशास्त्राच्या मॅडम होत्या, त्याही पूर्व भागातल्याच. त्यांनी पहिला प्रश्न मला विचारला, “अम्मा पैसे कोणत्या भाषेत मोजतात?” मी म्हटलं, तेलुगूत. मग पुढचं सगळं तेलुगूतच झालं. नंतर त्यांनी मला समजावलं, ते मोलाचं वाटलं. जगभर वापरली जाणारी स्मरणाची चाचणी शिकलेल्या माणसांसाठी बनलेली आहे. न शिकलेल्या निरोगी माणसालाही तिच्यात कमी गुण पडतात आणि उगाच आजाराचा शिक्का बसतो. म्हणून १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांनी तिचं हिंदीत वेगळं रूप तयार केलं. तिथे ‘डोळे मिटा’ असं लिहिलेला कागद वाचायला देत नाहीत. माझ्याकडे बघा आणि मी करते तसं करा, असं म्हणून तपासणारा स्वतः डोळे मिटतो. वाक्य लिहायला सांगत नाहीत, घराबद्दल काहीतरी सांगा म्हणतात. त्याच धर्तीवर मॅडमनी अम्माला विचारलं. आणि गुण कितीही पडले तरी एकट्या गुणांवर निकाल लागत नाही, हेही त्यांनी सांगून ठेवलं. हे माणूस आधी काय काय करायचं आणि त्यातलं आता काय राहिलं, याची जोड लागते.

“आज वार कोणता, अम्मा?”

“आज पाणी येतंय,” अम्मा म्हणाली.

मला हसू आलं, अभिमानही वाटला. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. बायकांचं कॅलेंडर त्यावरच चालतं, आणि त्या दिवशी खरोखर पाण्याची पाळी होती. मॅडमही हसल्या. त्यांनी उत्तर खोडलं नाही, तेच पुढे नेलं. “मग मागचं पाणी कधी आलं होतं?”

अम्माने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

मी तोंड उघडणार, तोच मॅडमनी हात किंचित वर केला. मी गप्प बसले. गप्प बसणं फार जड गेलं. पुढचा प्रश्न, नातवंडं किती. पुन्हा मान माझ्याकडे. घर कोणत्या गल्लीत, पुन्हा माझ्याकडे. मॅडमनी तिला तीन वस्तूंची नावं सांगितली, कंदील, चिंच आणि बैल, तेलुगूतून, सावकाश, अम्माने तिन्ही म्हणून दाखवेपर्यंत. मग मध्ये दुसरं काही काम दिलं. आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले, ते ती दोन वारांपर्यंत म्हणाली. काड्यापेटीच्या काड्यांची एक आकृती करून दाखवली आणि तशीच करायला सांगितली. मग विचारलं, मघाशी सांगितलेली तीन नावं कोणती?

“कसली नावं?”

“एक फळ होतं. आंबट.”

अम्मा विचारात पडली. “कैरी?”

“एक जनावर होतं. गाय, बैल की शेळी?”

“शेळी,” अम्मा खात्रीने म्हणाली आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली.

ही खूण देण्यामागे कारण असतं. दुःखाने, चिंतेने किंवा झोप नसल्याने मन थाऱ्यावर नसेल, तर गोष्ट आत गेलेली असते, फक्त चटकन हाताला लागत नाही. अशा माणसाला फळ म्हटलं की चिंच आठवते. निदान तीन नावांतून बरोबर नाव उचलता येतं. पण गोष्ट आत साठलीच नसेल तर कितीही खुणा द्या, उपयोग नसतो. माणूस अंदाजाने काहीतरी म्हणतं आणि त्याला ते खरंच वाटतं. आणखी एक फरक मॅडमनी सांगितला. उदास माणूस स्वतःच म्हणत येतं की माझं डोकं चालत नाही, मला काही आठवत नाही, आणि प्रश्न विचारला की ‘माहीत नाही’ म्हणून मोकळं होतं. आमची अम्मा मात्र आपल्याला काही झालेलंच नाही असं म्हणत होती आणि प्रश्न आला की माझ्याकडे बघत होती, नाही तर काही ना काही उत्तर देत होती. तरीही उदासीचे प्रश्न त्यांनी वेगळे विचारलेच. जेवण जातं का, रात्री जाग येते का, जगावंसं वाटतं का. कारण दोन्ही दुखणी एका माणसात एकत्र असू शकतात.

मग अम्माला चहा देऊन एक नर्सबाई बाहेर घेऊन गेल्या आणि माझी पाळी आली. घरच्या माणसाशी वेगळं बोलतात, ते पेशंटच्या पाठीमागे चुगली करायला नव्हे. पेशंटसमोर आपण लेकी-सुना खरं बोलत नाही, मान राखतो.

“कधीपासून?” मॅडमनी विचारलं.

“नाना गेल्यापासून.”

“त्या मघाशी तुमच्याकडे सारख्या वळून बघत होत्या. नाना असताना कुणाकडे बघायच्या?”

मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर समोर उभं राहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, “नाना गेले ती तारीख जरा बाजूला ठेवा. त्याच्या आधीचं सांगा. साल नको. गड्ड्याची यात्रा, कुणाचं लग्न, करोना, असं काही धरून सांगा. एखादं काम त्या पूर्वी करायच्या आणि मग नाना करायला लागले, असं काही होतं का?”

मी विड्यांपासून सुरुवात केली. अम्माची बोटं विडीवर अशी चालायची की ती बोलत असायची, रडणाऱ्या पोराला पायाने झोळीत झोका देत असायची आणि सुपात विड्या पडत असायच्या. पानं कापायची, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, पंचवीस झाल्या की बांधायचं. दिवसाला हजार विड्या तिने वर्षानुवर्षं वळल्या. करोनाच्या आधी एका वर्षी कारखान्यात तिची छाट वाढली, म्हणजे तिचा नाकारला जाणारा माल वाढला. विडी सुरेख होती, पण गठ्ठ्यात कधी तेवीस निघायच्या, कधी सत्तावीस. आम्ही म्हटलं, डोळे गेले. चष्मा केला. मग रात्री जेवणं झाली की नाना गठ्ठे सोडून पुन्हा मोजायला बसायला लागले. पुढे मालही तेच पोचवायला लागले. म्हणायचे, “तिला दम लागतो.” मग करोना आला, काम थांबलं, ते परत सुरूच झालं नाही. वय झालं, असं आम्ही धरून चाललो.

मॅडम लिहीत होत्या. त्यांनी एवढंच सांगितलं की हे जुळतं. हाताला बसलेली सवय मेंदूत वेगळ्या ठिकाणी असते आणि फार काळ टिकते. मोजताना मात्र मागचा आकडा डोक्यात धरून पुढे जावं लागतं, ते आधी सुटतं. म्हणून वळणं उत्तम आणि मोजणी चूक.

मग मला एकेक आठवायला लागलं. मधल्या मारुतीजवळच्या बाजारातून भाजी आणायचं काम नानांनी घेतलं होतं. निवृत्त माणसाला विरंगुळा, असं आम्ही म्हणायचो. शेंगदाण्याची चटणी कुटताना ते शेजारी पाट टाकून बसायचे आणि मीठ हातात द्यायचे, एकदाच. मी फोन केला की नाना उचलायचे आणि अम्माकडे देताना मोठ्याने म्हणायचे, “थोरली आहे, पोराची बारावी झाली, तेच सांगायला फोन केलाय.” मग अम्मा फोनवर यायची आणि म्हणायची, काय गं, बारावीचं काय झालं पोराच्या? मला वाटायचं, हिच्या सगळं बरोबर ध्यानात असतं.

नानांना कळलं होतं का, मला माहीत नाही. कदाचित त्यांनी त्याला नावही दिलं नसेल. बायकोचं एकेक काम हातून सुटत गेलं आणि ते एकेक उचलत गेले, ओरडा न करता, कुणाला न सांगता. मॅडम म्हणाल्या, “आमच्याकडे असे पुष्कळ येतात. जोडीतलं एक जातं आणि दुसऱ्याचं उघडं पडतं. घरच्यांना वाटतं धक्क्याने झालं.”

मला वाटलं, आता सुरुवात आधी झाली काय नि नंतर झाली काय, फरक काय पडतो? हे मी नंतर डॉक्टरांना विचारलंही. ते म्हणाले, सगळा फरक तिथेच पडतो. नाना गेल्यापासून मोजलं तर वर्षभरात ही बाई मोजणी, स्वयंपाक, रस्ता, सगळं विसरली असा अर्थ होतो. एवढ्या वेगाने बिघडणारा आजार वेगळा, त्याचे तपास वेगळे आणि घाईचे. सहा-सात वर्षांपासून मोजलं तर तेच चित्र संथ, हळूहळू उतरणाऱ्या आजाराचं होतं, अल्झायमरसारख्या. आणि नुसतं दुःख म्हणून सोडून दिलं असतं तर आम्ही दुःख ओसरायची वाट बघत आणखी दोन वर्षं घालवली असती.

तरी त्यांनी त्या दिवशी आजाराचं नाव पक्कं केलं नाही. आधी बरी होण्यासारखी कारणं बाजूला काढायची असतात. रक्तात बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉईड, साखर, सोडियम, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड आणि यकृत बघायचं. यातलं काहीही बिघडलं तरी माणूस विसरभोळं होऊ शकतं. डोक्याचा स्कॅन करायचा, त्यात लहान लहान झटके येऊन गेलेत का, पडल्यामुळे आत रक्त साकळलंय का, ते दिसतं. कानही तपासायचे, कारण नीट ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार? मग त्यांनी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली. बीपीची गोळी ठीक होती. नाना गेल्यावर कुणीतरी झोपेसाठी आणून दिलेली एक गोळी त्यात होती, आणि अंगाला खाज येते म्हणून मेडिकलमधून आणलेली एक. डॉक्टरांनी दोन्ही बाजूला काढल्या. खाजेची ही जुनी गोळी म्हाताऱ्या माणसाच्या स्मरणावर थेट पडदा ओढते, ती आजपासून बंद. झोपेची मात्र एकदम थांबवायची नाही, त्रास होतो. कमी कसकशी करायची ते लिहून दिलं. “हे दोन्ही गेल्यावर थोडी सुधारणा दिसेल,” ते म्हणाले, “पण विड्यांची मोजणी या गोळ्यांच्या आधी चुकायला लागली होती, हे विसरू नका.”

औषध आहे का, हे मी विचारलंच. आहे, ते म्हणाले. काहींना त्याने काही काळ बरं राहायला मदत होते, आजार मात्र त्याने थांबत नाही. त्यातल्या नेहमीच्या गोळीने नाडी मंद होऊ शकते, म्हणून आधी ईसीजी काढायचा. रिपोर्ट आले की ठरवू. मला त्यांचं हे तोलूनमापून बोलणं आवडलं. खोटी आशा दाखवली नाही आणि हात वरही केले नाहीत.

बाहेर अम्मा कंटाळली होती. “शाळंत नाव घालूलालाव काय माझं?” तिने नर्सबाईंना विचारलं आणि त्या दोघी हसल्या. रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, आपण कुठे आलो होतो? मी सांगितलं. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

रात्री भावाला फोन करून सगळं सांगितलं. तो बराच वेळ मानायला तयार नव्हता. धसक्याची गोष्ट त्याला सोयीची होती असं नाही. ती गोष्ट नानांच्या मोठेपणाची होती. त्यांच्याशिवाय अम्मा राहू शकत नाही, असा त्या गोष्टीचा अर्थ होता. मी म्हटलं, अर्थ तोच आहे, फक्त आपण समजत होतो त्याहून जास्त खरा आहे. नाना तिचा हिशेब, तिचा रस्ता आणि तिचं मीठ झाले होते. आता ते काम वाटून घ्यायचं आहे. गॅस कुणी बघायचा, पेन्शनचे पैसे कुणी काढायचे, तिच्या पदराला आपला नंबर कुणी टाचायचा. आणि एक फरक करायचा. नानांनी ते गुपचूप केलं, आपण सगळ्यांना सांगून करायचं. शेजारणींना, दूधवाल्याला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला. ती चुकून लांब गेली तर माहीत असलेलं माणूस तिला परत आणेल.

भारतात साठीच्या पुढच्या शंभर माणसांत सुमारे सात जणांना डिमेन्शिया आहे, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यांत पुरुषांपेक्षा बायकांचं प्रमाण अधिक आहे आणि शाळा न शिकलेल्यांचंही. हा आकडा वाचला तेव्हा मला क्लिनिकच्या रांगा दिसल्या नाहीत. मला आमच्या गल्लीतली, नात्यातली म्हातारी जोडपी दिसली. एकाला प्रश्न विचारला की दुसराच उत्तर देतो, आणि आपण म्हणतो, काय जोडी आहे!

परवा मी काका-काकूंकडे गेले होते. काकांना विचारलं, पुतण्याचं लग्न कुठल्या महिन्यात झालं हो? काकू चटकन म्हणाल्या, वैशाखात. मी काकूंना म्हटलं, जरा चहा टाकता का? त्या आत गेल्या, आणि मी काकांना तोच प्रश्न पुन्हा विचारला. काका म्हणाले, “वैशाखात. आणि तुझ्या काकूला मध्ये बोलायची खोड आहे.” चहा झकास झाला होता. जोडीतली दोन्ही माणसं हयात आहेत तोवर त्यांना असं वेगवेगळं विचारून बघायला एवढाच वेळ लागतो. पुढच्या आठवड्यात मामा-मामींकडे जायचं आहे.